पिचरच्या स्ट्राइकआउटची ६.५ ही रेषा कशी तपासायची?

प्रश्न: एमएलबीमध्ये पिचरच्या स्ट्राइकआउटवर ६.५ ओव्हर-अंडर दिसतं. ही रेषा बरोबर आहे का, हे ९ इनिंगमागच्या स्ट्राइकआउटवरून काढता येईल का?

उत्तर: नाही, त्याऐवजी दर बॅटरमागचं स्ट्राइकआउटचं प्रमाण घ्या आणि त्याला पिचर किती बॅटरना सामोरा जाईल त्या संख्येने गुणा. जास्त हिट आणि वॉक देणाऱ्या पिचरला एका इनिंगमध्ये जास्त बॅटर मिळतात, म्हणून इनिंगवरचा आकडा त्याला आहे त्यापेक्षा चांगला दाखवतो.

समजा पिचर २८ टक्के बॅटरना स्ट्राइकआउट करतो, समोरची फळी त्याच हाताच्या पिचरविरुद्ध २५ टक्के वेळा स्ट्राइकआउट होते आणि लीगची सरासरी २२ आहे. २८ × २५ ÷ २२ म्हणजे जवळपास ३२ टक्के. साडेपाच इनिंग आणि इनिंगला ४.२ बॅटर धरले तर २३ बॅटर होतात, म्हणजे ७ पेक्षा थोडे जास्त स्ट्राइकआउट. बायनॉमियल वितरणाने ७ किंवा जास्तची शक्यता साधारण ६३ ते ६५ टक्के येते.

पण खरी शक्यता याहून कमी धरा. २३ ही सरासरी आहे. एखाद्या दिवशी पिचर तिसऱ्या इनिंगमध्येच पिच वाया घालवून बसतो आणि १८ बॅटरनंतर बाहेर जातो, तेव्हा अपेक्षित आकडा ६ च्याही खाली येतो. माझ्या मते बहुतेक चुका इथेच होतात, टक्केवारीत नव्हे. त्यामुळे ओव्हरला १.६० चा भाव, म्हणजे ६२.५ टक्के शक्यता, मला महाग वाटतो. आणि लाइनअप जाहीर होईपर्यंत २५ टक्के हा अंदाजच असतो.