हेड ड्रमच्या एका टोकाला गिअर कपलिंग, दुसऱ्या टोकाला बेलोज

प्रश्न: कारखान्यात फायब्रायझरनंतरचा ऊस मिलकडे नेणाऱ्या बेल्टला ४५ किलोवॅटची मोटर आणि १:४० चा गिअरबॉक्स आहे. हेड ड्रमच्या दुसऱ्या टोकाला एनकोडर (१०२४ पल्स) लावून व्हीएफडीला स्पीड फीडबॅक द्यायचा आहे. उद्यमनगरातला पुरवठादार म्हणतो दोन्हीकडे गिअर कपलिंग घ्या. आमचे इलेक्ट्रिकलवाले म्हणतात बेलोज जास्त अचूक, मग दोन्हीकडे तेच लावू. कुणाचं ऐकू?

उत्तर:

दोघांचंही अर्धं ऐका. गिअरबॉक्सकडे गिअर कपलिंग आणि एनकोडरकडे बेलोज. पण नुसतं एवढं ठरवून खरेदीला जाऊ नका. तुमच्याकडे ही दोन्ही कपलिंग एकाच शाफ्टच्या दोन टोकांना येणार आहेत, आणि त्यातच खरी मेख आहे.

आधी गिअरबॉक्सची बाजू. मोटर १४८० आरपीएमची धरली तर आउटपुट शाफ्ट ३७ आरपीएमने फिरेल. टॉर्क = ९५५० × ४५ ÷ ३७, म्हणजे साधारण ११,६०० न्यूटन मीटर. बेल्टवर उसाचा थर एकसारखा कधीच येत नाही, आणि चोकअप झालं की मोटर क्षणभर दुप्पट किंवा त्याहून जास्त टॉर्क देते. म्हणून कपलिंग किमान २३,००० न्यूटन मीटरचं घ्या. गिअर कपलिंगमध्ये हा भार हबच्या सगळ्या दातांवर वाटला जातो, दात जाड असतात, धक्का सोसतात. बेलोजमध्ये टॉर्क नेतो तो स्टीलचा पातळ पत्रा. मोठ्या टॉर्कची बेलोज कपलिंग मिळतात आणि टेस्ट रिगवर किंवा सर्व्होवर चांगली चालतात, पण चोकअपच्या एका झटक्यात त्याच्या घड्या पिळल्या गेल्या की ते कपलिंग संपलं, दुरुस्ती नाही.

गिअर कपलिंगच्या दातांत फट असते, हा इलेक्ट्रिकलवाल्यांचा मुद्दा बरोबर आहे. पण इथे ती किती महागात पडते ते बघा. दातांचा पिच व्यास २४० मिलिमीटर आणि फट ०.३ मिलिमीटर धरली तर ड्रम जेमतेम ०.१४ अंश मोकळा हलेल. एकाच दिशेने फिरणाऱ्या, कायम भाराखाली असणाऱ्या बेल्टला त्याने काहीही होत नाही.

तीच फट एनकोडरकडे नेली की हिशेब पालटतो. १०२४ पल्सचे क्वाड्रेचरने ४०९६ काउंट होतात, म्हणजे एक काउंट ०.०८८ अंशाचा. छोट्या गिअर कपलिंगचा पिच व्यास ४० मिलिमीटर आणि फट ०.१५ मिलिमीटर असली, तर मोकळा कोन ०.४३ अंश, म्हणजे जवळपास पाच काउंट. एनकोडरला फिरवायला टॉर्क जवळजवळ लागतच नाही, त्यामुळे दात एका बाजूला दाबून राहत नाहीत, फटीत इकडून तिकडे आपटत राहतात. ३७ आरपीएमला दर १० मिलिसेकंदांत फक्त २५ काउंट येतात. त्यात पाच मागेपुढे झाले तर वाचलेला वेग २० टक्क्यांपर्यंत खालीवर दिसतो. बेल्ट गुण्यागोविंदाने चाललेला असतो आणि व्हीएफडी मात्र त्या खोट्या फरकामागे धावत मोटरचा करंट हलवत बसतो. मग लोक पीआयडी बदलतात, फिल्टर वाढवतात, केबलचं शील्डिंग तपासतात, आणि दोष कपलिंगमध्येच राहतो. बेलोजला फट नसते, आणि पिळाला ते ताठ असतं. एनकोडरसाठी एक-दोन न्यूटन मीटरचं छोटं कपलिंग पुरतं.

आता मेख. बेलोज वाकणं थोडं सोसतं, पण या मापात समांतर सरक ०.२ मिलिमीटरच्या आसपास आणि लांबीतली सरक अर्ध्या मिलिमीटरच्या आतच घेतं. नेमका आकडा कॅटलॉगमध्ये बघा, आणि तिन्ही प्रकारची सरक एकदम आली तर प्रत्येकीची मर्यादा आणखी घटते हेही लक्षात ठेवा. तुमच्या ड्रमच्या दोन प्लमर ब्लॉकमध्ये दीड मीटर अंतर असेल आणि शाफ्ट ३० अंशांनी तापला, तर तो अर्धा मिलिमीटर लांबतो. ही वाढ कुठल्या बाजूला जाणार हे कोणता बेअरिंग लॉक केला आहे त्यावर ठरतं. बऱ्याच ठिकाणी गिअरबॉक्सच्या बाजूचा प्लमर ब्लॉक सवयीने फिक्स केलेला असतो, आणि सगळी वाढ एनकोडरकडे जाते. घडी दाबली जाते, एनकोडरच्या छोट्या बेअरिंगवर सतत रेटा येतो, आणि काही महिन्यांत हबजवळच्या पहिल्या घडीला बारीक चीर जाते. बदललेलं कपलिंगही तिथेच फुटलं, तर कपलिंगच्या दर्जाला दोष देण्याआधी लोकेटिंग रिंग कुठे आहेत ते पाहा.

म्हणून एनकोडरच्या बाजूचा प्लमर ब्लॉक फिक्स करा आणि गिअरबॉक्सच्या बाजूचा मोकळा सोडा. तिकडे गिअर कपलिंगचे दात स्लीव्हमध्ये सरकून ती वाढ सहज घेतात. हेच काम बेलोजला जमत नाही, आणि गिअरबॉक्सकडे गिअर कपलिंग घेण्याचं माझ्या मते हे टॉर्कइतकंच मोठं कारण आहे.

मात्र सरकण्याला एक अट आहे, ग्रीस. भाराखाली दात सरकवायला लागणारा जोर म्हणजे घर्षणगुणांक × टॉर्क ÷ त्रिज्या. चांगल्या ग्रीसला ०.१५ धरला तरी ०.१५ × ११,६०० ÷ ०.१२, म्हणजे साडेचौदा हजार न्यूटन, जवळपास दीड टन. दात कोरडे पडले की हा आकडा दुप्पट होऊ शकतो, आणि तो रेटा गिअरबॉक्सच्या आउटपुट बेअरिंगवर आणि तुम्ही फिक्स केलेल्या प्लमर ब्लॉकवर जातो. ३७ आरपीएमला ग्रीस फेकलं जाण्याची भीती नाही, त्यामुळे एनएलजीआय ० किंवा १ चं ईपी ग्रीस चालतं. मोटरकडेही गिअर कपलिंग असेल तर तिथे खास कपलिंग ग्रीसच वापरा. १४८० आरपीएमला साध्या ग्रीसमधला साबण केंद्रोत्सारी बलाने दातांत जाऊन थापला जातो आणि तेल वेगळं होतं.

ऑफ सीझनला स्लीव्ह मागे सरकवून बघा. ग्रीस तांबूस, गेरूसारखं दिसलं तर दात कोरडे घासत आहेत. दाताच्या बाजूवर नखाला लागेल अशी पायरी पडली असेल, तर स्लीव्ह त्या जागी अडकतो आणि सरकणं बंद होतं. मग ग्रीस भरून उपयोग नाही, सेट बदला. ओ-रिंगही त्याच वेळी नव्या टाका, नाहीतर धुण्याचं पाणी आणि बगॅस आत जातं.

अलाइनमेंट दोन्हीकडे डायल गेजनेच करा. गिअर कपलिंग दीड अंश सोसतं असं कॅटलॉग म्हणतो, पण ती टोकाची मर्यादा आहे, तेवढं वाकडं लावलं तर दात लवकर जातात. शिवाय गिअरबॉक्स तापल्यावर वर उचलतो. ४०० मिलिमीटर उंचीला ४० अंशांच्या फरकाने ०.१८ मिलिमीटर, तेवढा तो थंड असताना खाली ठेवा.

एनकोडरकडे आधी ड्रम शाफ्टच्या टोकाला लावलेल्या छोट्या स्पिंडलचा रनआउट मोजा. ०.०५ मिलिमीटरच्या वर असेल तर स्पिंडल पुन्हा टर्न करून घ्या, कारण ती चूक प्रत्येक फेऱ्याला वेगात लाटेसारखी दिसते. बेल्टला ताण दिल्यानंतरच एनकोडर सेट करा, ताणाने शाफ्ट बेअरिंगमध्ये सरकतो. हब क्लॅम्पवाले घ्या. ग्रब स्क्रू शाफ्टला एका बाजूला ढकलतो आणि बर उठवतो. घट्ट करण्याआधी बेलोजची मोकळी लांबी व्हर्नियरने मोजा, दोन्ही क्लॅम्प आवळल्यावर पुन्हा मोजा. फरक पडला तर क्लॅम्प सैल करून एनकोडरचा ब्रॅकेट सरकवा, बेलोज ताणून जागेवर आणू नका. वर पत्र्याचं कव्हर हवंच, घड्यांत बगॅस दाटून बसला की त्या वाकू शकत नाहीत.