बी-वनच्या लेखी पेपरात मार्क कुठे गळतात

"सहा आठवड्यांनी गोएथेची बी-वन परीक्षा आहे. पास झाले तर जर्मनीला जायची कागदपत्रं पुढे सरकतील. सगळं व्याकरण नव्याने करायला वेळ नाही. कोणत्या चुकांनी सगळ्यात जास्त मार्क जातात, त्याची उजळणीची यादी द्याल का?"

आधी मार्क कसे देतात ते बघा, म्हणजे यादीचा क्रम आपोआप कळेल. चार मॉड्यूल, प्रत्येकाला १०० मार्क आणि प्रत्येकात वेगवेगळे ६० हवेत. गोएथेमध्ये व्याकरणाचे गाळलेले शब्द भरायला देत नाहीत, त्यामुळे व्याकरण खरं तपासलं जातं ते लेखनात आणि बोलण्यात. लेखनाला ६० मिनिटं आणि तीन मजकूर असतात: ओळखीच्या माणसाला साधारण ८० शब्दांची मेल, एखाद्या विषयावर ८० शब्दांत मत, आणि ४० शब्दांचा औपचारिक निरोप. पहिल्या दोघांना ४०-४० मार्क, तिसऱ्याला २०. तपासणारे चुका मोजून वजा करत बसत नाहीत. काम पूर्ण केलंय का, मजकूर जोडून लिहिलाय का, शब्द पुरेसे आहेत का आणि वाक्यरचना कशी आहे, या चार गोष्टींना श्रेणी देतात. रचनेची श्रेणी घसरते ती वाचणारा अडखळतो तेव्हा. विशेषणाचा शेपटीचा स्वर चुकला म्हणून कोणी अडखळत नाही, पण क्रियापद जागेवर नसलं की हमखास अडखळतो. म्हणून तुमची यादी क्रियापदापासून सुरू होते.

मी इथे अधूनमधून परीक्षेला बसणाऱ्या मराठी मुलामुलींचे मजकूर तपासून देते. त्यातला नेहमीचा नमुना असा असतो:

"लेट्स्टे वोखे इश हाबे नाख बर्लिन गेफारेन, वाइल माइने फ्रॉइंडिन हाट गेहाइराटेट. वेन इश आनगेकोमेन बिन, हाट एस गेरेग्नेट. इश हाबे झी गेहोल्फेन, डेसहाल्ब इश वार म्यूडे."

गेल्या आठवड्यात मैत्रिणीच्या लग्नाला बर्लिनला गेले, पोचले तेव्हा पाऊस होता, तिला मदत केली, म्हणून दमले होते. अर्थ कळतो, पण तीन वाक्यांत सहा चुका आहेत आणि त्यातल्या तीन क्रियापदाच्या जागेच्या. नीट लिहिलं तर असं होतं:

"लेट्स्टे वोखे बिन इश नाख बर्लिन गेफारेन, वाइल माइने फ्रॉइंडिन गेहाइराटेट हाट. आल्स इश आनगेकोमेन बिन, हाट एस गेरेग्नेट. इश हाबे ईअर गेहोल्फेन, डेसहाल्ब वार इश म्यूडे."

मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी. दुसरी जागा म्हणजे दुसरा शब्द नव्हे, दुसरा तुकडा. "लेट्स्टे वोखे" हे दोन शब्द मिळून एकच तुकडा, त्यानंतर लगेच "बिन", आणि "इश" त्याच्या मागे. कर्त्याशिवाय काहीही वाक्याच्या तोंडाशी आलं की कर्ता क्रियापदाच्या पलीकडे जातो. डेसहाल्ब, ट्रॉत्सडेम, डानाख हे शब्द मार्क मिळवून देतात म्हणून सगळे पेरतात, आणि त्यांच्याच मागे चुकतात, कारण इंग्रजीची सवय कर्ता पुढे ढकलते. उंड, आबर, ओडर आणि झोंडर्न मात्र जागा अडवत नाहीत, त्यांच्यानंतर वाक्य नेहमीसारखंच सुरू होतं.

वाइल, डास, आल्स, वेन, ऑब्वोल यांनी सुरू झालेल्या उपवाक्यात क्रियापद शेवटी. हे खरं तर आपल्याला घरचं वाटायला हवं, मराठीत क्रियापद शेवटीच असतं. तरी चुकतं, कारण बहुतेकांनी जर्मन इंग्रजीच्या मागून शिकलेलं असतं. इथे आल्यावर तुम्ही ऐकाल की जर्मन लोक बोलताना वाइलनंतर बिनधास्त साधं वाक्य टाकतात. ते ऐकून घ्या, पेपरात लिहू नका. आणखी एक जागा म्हणजे उपवाक्य आधी आलं की: "वेन इश त्साइट हाबे, कोमे इश." स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंना क्रियापदं एकमेकांना चिकटली पाहिजेत. तपासताना स्वल्पविराम शोधा आणि फक्त त्याच्या शेजारचे दोन शब्द वाचा, चूक दिसून येते.

दुसरा गठ्ठा म्हणजे मराठीत एकच शब्द किंवा प्रत्यय चालतो आणि जर्मनला दोन लागतात अशा जागा. पुस्तकं जगभरच्या लोकांसाठी लिहिलेली असल्यामुळे हे गठ्ठे तशा रीतीने मांडलेले नसतात, आणि आपले मार्क नेमके इथेच जातात.

आपलं "जेव्हा" घ्या. भूतकाळात एकदाच घडलेल्या गोष्टीला आल्स, पुन्हापुन्हा घडणाऱ्याला आणि वर्तमान-भविष्याला वेन. "मी लहान होते तेव्हा" हा काळ कितीही लांब असला तरी एकदाच येऊन गेलेला, म्हणून आल्स. "मी आजीकडे जायचे तेव्हा ती गोष्ट सांगायची" इथे "दर वेळी" घालून वाक्य बसतं, म्हणून वेन. प्रश्नातलं "केव्हा" असेल तर वान. "येईल की नाही माहीत नाही" यातला "की नाही" म्हणजे ऑब, वेन नव्हे. इंग्रजी "इफ" डोक्यात आलं की वेन लिहिलं जातं. मराठीत विचार केलात तर इथे चूक होत नाही.

मग "-ला". मराठीत तिला मदत केली, तिला विचारलं, तिला फोन केला, तिला भेटले, सगळीकडे "तिला"च. जर्मनमध्ये मदतीला ईअर, विचारण्याला झी. हेल्फेन, डांकेन, गेफालेन, गेह्योरेन, आंटवोर्टेन, ग्राटुलीरेन, त्सूह्योरेन यांना दातिव्ह लागते. फ्रागेन, आनरूफेन, बेझूखेन, ट्रेफेन यांना आकुझातिव्ह. विचारणं आणि उत्तर देणं ही जोडी मुद्दाम पाठ करा, कारण ती एकमेकांच्या उलट जाते: "इश फ्रागे ईन, एर आंटवोर्टेट मिअर." गेफालेनला मात्र मराठी मदत करते. "मला आवडतं" मध्ये आवडणारी वस्तू कर्ता असते, "एस गेफेल्ट मिअर" मध्येही तसंच, त्यामुळे वाक्य सरळ उतरवता येतं.

तिसरी जागा "-त", "-वर" आणि "कुठे" यांची. शाळेत आहे आणि शाळेत जाते, टेबलावर आहे आणि टेबलावर ठेवते, यात मराठी प्रत्यय बदलत नाही. "कुठे आहेस" आणि "कुठे चाललीस" हेही एकाच शब्दावर भागतं. जर्मनमध्ये पहिल्याला वो, दुसऱ्याला वोहिन. इन, आन, आउफ, उंटर, ऊबर, फोर, हिंटर, नेबेन आणि त्स्विशेन या नऊ शब्दांपुढे वोला दातिव्ह, वोहिनला आकुझातिव्ह: "इश बिन इन डेर शूले", पण "इश गेहे इन डी शूले". नुसती हालचाल आहे की नाही हे बघू नका, जागा बदलते का ते बघा. बागेतल्या बागेत पळत असाल तर पाय हलतात, जागा बागच राहते, म्हणून "इश लाउफे इम पार्क". नाख, त्सू, मिट, बाय, झाइट, फॉन, आउस यांना हा प्रश्नच विचारायचा नाही, ते नेहमी दातिव्ह घेतात. डॉक्टरकडे जाणं ही हालचाल असूनही "त्सुम आर्त्स्ट" होतं ते त्यामुळे. तुम्ही कधी टेल्कची परीक्षा दिलीत तर तिथे गाळलेल्या २० जागा येतात, ३०० पैकी ३० मार्कांच्या, आणि हे शब्दयोगी प्रकार तिथे फार विचारतात.

पेरफेक्टमध्ये हाबेन की झाइन, याला एक मराठी खूण बरीच कामाला येते. "मी गेले, आले, उठले, राहिले" अशी जिथे क्रियापदं कर्त्याप्रमाणे बदलतात तिथे बहुधा झाइन, आणि "मी केलं, पाहिलं, वाचलं" तिथे हाबेन. खूण सगळीकडे चालत नाही. झोपले, बसले, हसले यांना इथे प्रमाण जर्मनमध्ये हाबेन लागतं, तेवढे अपवाद लक्षात ठेवा. "राहिले", म्हणजे ब्लायबेन, यात हालचाल नसूनही झाइन लागतं, आणि तेच बहुतेकांचं चुकतं.

"-ण्यासाठी" थोडक्यात: दोन्ही कामांचा कर्ता एकच असेल तर उम आणि त्सू, वेगळा असेल तर डामिट. मी शिकण्यासाठी आले, उम. मुलांनी शिकावं म्हणून आले, डामिट.

४० शब्दांच्या निरोपात व्याकरणाबरोबर अदबही तपासतात. "झेर गेएर्टे फ्राउ" असं सुरू करून खाली "डू" आलं की तो निरोप गडबडला. झी, ईनेन आणि आदरार्थी ईअर मोठ्या अक्षराने. मागणी करताना "क्योन्टेन झी" आणि "इश व्युर्डे गेर्न" वापरा. "इश विल" लिहू नका, तो हट्ट वाटतो. संबोधनानंतर स्वल्पविराम आणि पुढचं वाक्य लहान अक्षराने, पण शेवटच्या "मिट फ्रॉइंडलिशन ग्र्यूसन" नंतर स्वल्पविराम नाही.

विशेषणांचे प्रत्यय शेवटी ठेवा. पूर्ण तक्ता या सहा आठवड्यांत बसवायला जाऊ नका. इतकंच धरा की आर्टिकल पुढे असेल आणि दातिव्ह असेल तर विशेषणाला "-एन", आर्टिकलसह अनेकवचन असेल तरी "-एन". उरलेले गेले तर जाऊ द्या.

परीक्षेत तीन मजकुरांना साधारण २०, २५ आणि १५ मिनिटं धरतात, त्यात तपासणीला वेगळा वेळ राहत नाही. म्हणून प्रत्येक मजकूर दोन-तीन मिनिटं आधी थांबवा आणि अर्थ न वाचता दोनदा नजर फिरवा. पहिल्यांदा फक्त क्रियापदं, म्हणजे दुसऱ्या तुकड्यावर आहेत का, उपवाक्याच्या शेवटी आहेत का, स्वल्पविरामाशी जोडी लागते का. दुसऱ्यांदा फक्त सर्वनामं, म्हणजे मराठीत जिथे "-ला" येतो तिथे क्रियापद बघून ईन की ईम, झी की ईअर. आत्तापासून सरावाचे मजकूर हाताने लिहा आणि त्यावर याच क्रमाने पेन्सिल फिरवा. एकच चूक दोन मजकुरांत दिसली तर त्या नियमाची दहा वाक्यं स्वतः रचा आणि ती कोणाकडून तरी तपासून घ्या.