रविवारी 00:35, म्हणजे नेमकी कोणती रात्र?

“तिकीट आप्पांनी काढलं, वेळ त्यांनीच वाचली आणि आमची गाडी चुकली. तेव्हापासून ते कशालाच हात लावत नाहीत. ही विसरण्याच्या आजाराची सुरुवात तर नसेल ना?”

सांगलीतल्या विश्रामबागेतल्या एका सूनबाईंचा हा प्रश्न. त्यांच्या परवानगीनं, ओळखीच्या खुणा बदलून लिहिते आहे.

आप्पा 67 वर्षांचे. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून आयुष्य गेलेलं. लेकीच्या डोहाळजेवणासाठी घरातले पाचही जण मिरजेहून निघणार होते. तिकिटावर मिरजेहून सुटायची वेळ होती रविवार, 00:35. रविवारी सगळ्यांनी लवकर जेवून घेतलं आणि पावणेबाराला लाडवांच्या डब्यासकट मंडळी फलाटावर हजर झाली. गाडी रोजची असल्यानं वेळेवर आलीही. चढून पाहतात तर त्यांच्या बर्थवर दुसरीच माणसं झोपलेली. टीसीनं तिकीट पाहिलं आणि म्हणाला, “काका, तुमची गाडी काल रात्रीच गेली.”

गाडी गेल्यावर तिकिटाचे पैसे परत मिळायचा प्रश्नच नव्हता. आप्पांना त्याचं तितकं लागलं नाही. फलाटावर मुलगा एकच वाक्य बोलला, “आप्पा, तुम्हाला आता जमत नाही,” ते मात्र लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी लाइटबिल भरणं, बँकेत जाणं, सगळं सोडलं.

आप्पा माझ्याकडे समुपदेशनाला आले तेव्हा मी त्यांना आधी तिकीटच वाचायला दिलं. “तुम्ही हे कसं वाचलंत?”

“रविवारची रात्र, साडेबारा,” ते म्हणाले. “शनिवारी रात्री साडेबाराला कुणी घरी आलं, तर आपण शनिवारी रात्री आला असंच म्हणतो की.”

मला हवं होतं ते इथंच सापडलं. आपल्या बोलण्यातली रात्र आदल्या दिवसाचीच असते, झोपून उठल्याशिवाय आपला वार बदलत नाही. पंचांगातला वारही सूर्योदयापासून धरतात. रेल्वेचा दिवस मात्र मध्यरात्री 00:00 ला सुरू होतो. शनिवारच्या 23:59 नंतरचं मिनिट तिच्या हिशेबी रविवारचं. म्हणजे रविवार 00:35 ची गाडी धरायला शनिवारी रात्री जेवून घर सोडावं लागतं. 14:20 दिसलं की आपण 12 वजा करून दोन वीस म्हणतो, ते आता अंगवळणी पडलंय. 00:35 मधून वजा करायला काहीच नसतं, म्हणून माणूस ते सरळ रात्रीचे साडेबारा असं वाचतो आणि शेजारचा वार आपल्या पद्धतीनं धरतो.

आप्पांना पाचही बर्थचे नंबर पाठ होते. तिकीट कुठल्या दिवशी काढलं, तेही सांगितलं. त्यांनी रात्र विसरली नव्हती. चुकीची रात्र अगदी नेमकी लक्षात ठेवली होती. चूक कुठं झाली हे स्वतः उलगडून सांगत होते. तोच तोच प्रश्न पुन्हा विचारणं, रोजच्या रस्त्यावर चुकणं, सुट्ट्या पैशांचा हिशेब न जमणं, असलं काही सूनबाईंच्या सांगण्यात आलं असतं, तर मी त्यांना थेट डॉक्टरांकडे पाठवलं असतं. खोदून विचारलं, पण तसं काही निघालं नाही.

पुढच्या खेपेला मी सगळ्यांनाच बोलावलं. प्रत्येकाला एक कागद दिला आणि फळ्यावर लिहिलं: ‘गाडी सोमवार, 00:10. घर कधी सोडाल?’ मुलानं लिहिलं, सोमवारी रात्री अकरा. सूनबाईंनी आणि सासूबाईंनीही सोमवारच लिहिला. रविवार लिहिला एकट्या आप्पांनी.

कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर मुलगा बराच वेळ गप्प बसला. ते तिकीट घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तीन आठवडे पडून होतं, सगळ्यांनी उघडलं होतं आणि सगळ्यांनी ते आप्पांसारखंच वाचलं होतं. आप्पांच्या फोनवर शनिवारी चार्ट तयार झाल्याचा मेसेजही आला होता, तो कुणी पाहिला नव्हता. मी मुलाला म्हटलं, फलाटावरचं ते वाक्य आता तुम्हालाच मागं घ्यावं लागेल. तो वडिलांकडे वळला. “आप्पा, मीही हेच वाचलं होतं. तुमच्यावर ढकलायला नको होतं.” आप्पांनी चष्मा काढून पुसला, बोलले काहीच नाहीत.

नुसता धीर देऊन त्यांचा हात पुन्हा कामाला लागला नसता. म्हणून मी पुढचं तिकीट त्यांनीच काढायचं ठरवलं, फक्त त्यात एक भर घातली. तिकीट हाती आलं की गाडीची वेळ ठेवायची बाजूला आणि घर सोडायचा वार व वेळ कॅलेंडरवर लिहायची, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी ती तिकिटाशी ताडून सही करायची.

दोन महिन्यांनी बारशाला जायचं होतं. सूनबाईंनी मला कॅलेंडरचा फोटो पाठवला. शुक्रवारच्या चौकटीत दिवाणजींच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘जेवून दहाला निघणे. गाडी रात्री, तारीख उद्याची.’ खाली मुलाची सही होती.