गेरूबाई

प्रश्न: तुमच्या गावात एखाद्या जागेला लहान मुलानं नाव दिलं आणि तेच कायम राहिलं, असं झालंय का? कसं झालं ते सांगा.

हो, आमच्या विहिरीला दिलंय, आणि ते मूल म्हणजे मीच. माण तालुका, 1973 चा उन्हाळा, मी तेव्हा नऊ वर्षांची. ज्यांनी तो दुष्काळ पाहिलाय त्यांना मिलोची तांबूस भाकरी आणि कामावर वाटायचे ती सुकडी आठवत असेल. गावातले दोन्ही आड आटलेले, म्हणून दुष्काळी कामातून ओढ्याकाठी गावासाठी नवी विहीर खोदायला घेतली. आई तिथं पाट्या वाहायला जायची आणि मी धाकट्याला कडेवर घेऊन दिवसभर बांधावर.

वरचे आठ-दहा फूट माती न् मुरूम, ते टिकावानं निघालं, मग लागला काळा पाषाण. पहारेनं भोकं पाडायची, दारू ठासायची, वात पेटवून सगळ्यांनी पळायचं, आणि धूर गेला की दगड यारीनं वर ओढायचे. पंचवीस फुटांपर्यंत नुसती कोरडी धूळ. गावात लोक बोलायला लागले की जागाच चुकली. पण वडारांचे जे मेस्त्री होते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, ते वर आलेला दगड हातात फिरवून बघायचे आणि एक दिवस त्यात बारीक बारीक भोकं दिसायला लागली तसं म्हणाले, आता थांबायचं न्हाई.

तिसाव्या फुटाला तांबडाभडक पट्टा लागला. गेरू. आणि त्याच्या बरोबर वरच्या चिरेतून पाण्याची धार, करंगळीएवढी. तात्यांनी मला समजावलं होतं ते अजून लक्षात आहे, की गेरू म्हणजे चिकट माती, ती पाण्याला खाली जाऊ देत नाही, म्हणून वरच्या भोकाच्या दगडातून झिरपलेलं पाणी तिच्या डोक्यावर येऊन बसतं.

पण तोच गेरू घातही करतो. ओला झाला की फुगतो, वाळला की ढपले पडतात, आणि तो पोखरला गेला की वरचा पाषाण अधांतरी राहतो, मग कधी खाली येईल सांगता येत नाही. म्हणून साठ्यासाठी खाली आणखी सहा फूट खोदलं आणि त्या पट्ट्याला सगळीकडून घडीव दगडाचं बांधकाम घातलं. ते होईपर्यंत आठवडाभर बायका तांबडा चिखल वाहत होत्या. आईची लुगडी, टाचा, डोक्यावरची चुंबळ, सगळं तांबडं. रात्री ती पाय धुवायची ते पाणीसुद्धा तांबडं, आणि धुवायला पाणी मोजून तांब्याभर.

जलपूजनाच्या दिवशी नावावरून भांडण पेटलं. एका आळीला भैरोबाची विहीर म्हणायचं होतं, दुसरीला पुढाऱ्याचं नाव हवं होतं. हे भांडण नुसतं हौसेचं नव्हतं बरं का. जुन्या आडांची नावंच अशी होती की एकावर कोणी चढायचं आणि दुसऱ्यावर कोणी, ते नावातच ठरलेलं, आणि ही विहीर तर सगळ्या वस्त्यांनी मिळून खोदलेली. आईच्या शेजारी पाट्या वाहणाऱ्या निम्म्या बायकांना गावातल्या आडावर घागर टेकवता येत नव्हती. तात्या बराच वेळ गप्प होते, मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ही पोर पहिल्या दिवसापास्नं बांधावर हाय, तिलाच इचारा की."

सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. माझी नजर खाली आणि खाली आईचे पाय, नवं लुगडं नेसली होती पण टाचांच्या भेगांतला रंग काही गेला नव्हता. मी म्हणाले, "गेरूबाई."

मला आईलाच गेरूबाई म्हणायचं होतं. पण सटवाई, मरीआई तशी गेरूबाई, म्हाताऱ्यांना वाटलं देवीच पोरीच्या तोंडून बोलली, लगेच आसरांचे सात दगड मांडून हळदीकुंकू वाहिलं आणि वाद तिथंच मिटला. या देवीचा पुजारी कुठल्याच आळीत नव्हता, त्यामुळे तिच्यावर हक्क सांगायला कोणी येईना. पहिली घागर कोणी शेंदायची यावर पुढं कुरबुर झाली, दोन-तीन वर्षं चाललीही, पण कठडा सगळ्यांचा राहिला. आईला मी खरं काय ते सांगितलं तेव्हा ती काहीच बोलली नाही, फक्त पाय पदराखाली ओढून घेतले.

आता गावात नळ आहेत. उन्हाळ्यात नळ बंद पडले की लोक तिकडेच जातात. मे महिन्यात पाणी पट्ट्यापर्यंत उतरलं की बांधकामाच्या सांध्यांतून गेरू सुटतो आणि बादली तांबूस येते. मागच्या वर्षी भाच्याचा फोन आला, "आत्या, गेरूबाई तांबडी झाली." म्हणजे खाली अजून सहा फूट पाणी आहे.