उठताना चक्कर, जेवताना घाम आणि अडलेली लघवी

प्रश्न: वडिलांना २० वर्षांपासून मधुमेह आहे. लोकलमध्ये सीटवरून उठताना चक्कर येते, जेवताना चेहरा घामाने भिजतो, लघवी पूर्ण होत नाही. तिन्हींचा संबंध असेल का?

उत्तर: संबंध असण्याची शक्यता बरीच आहे. रक्तदाब, घाम आणि मूत्राशय यांचे काम आपल्या नकळत चालवणाऱ्या स्वायत्त मज्जातंतूंना दीर्घकाळच्या मधुमेहाने इजा होते.

खरी खूण रक्तदाब कसा मोजला यात आहे. पाच मिनिटे आडवे झोपवून एकदा आणि उभे केल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजावा. दादरच्या माझ्या दवाखान्यात आलेल्या एका गृहस्थांचा वरचा दाब झोपून १४८ होता आणि उभे राहताच ११२ झाला, तरी नाडी ८८ वरून जेमतेम ९२ वर गेली. दाब २० किंवा अधिक उतरणे हा दोष आहेच, पण तो उतरूनही नाडी न वाढणे मज्जातंतूंकडे बोट दाखवते, कारण अंगातले पाणी कमी झाले असते तर ती सहसा भरभर वाढली असती.

त्या गृहस्थांना प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू होते, ज्याने उभे राहताना दाब आणखी उतरू शकतो. म्हणून अशा गोळीबाबत काही ठरवण्याआधी लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरते हे सोनोग्राफीत पाहावे. मात्र गोळी स्वतःहून बंद करू नये. तळपाय कोरडे पडून भेगाळलेत का, हेही रोज पाहा. तिथला घाम आटलेला असतो.