स्क्यू उसना घेताना होल्डही बघ

सेटअप ३० पिकोसेकंदांनी चुकतोय म्हणून तू पुढच्या फ्लॉपचं क्लॉक ६० नं उशिरा आणलंस. डेटाला तेवढा जादा वेळ मिळाला, स्लॅक +३० झाला. बरोबर आहे. पण त्याच दोन फ्लॉपमधला सगळ्यात छोटा मार्गही बघ. क्लॉक-टू-क्यू ८० आणि एक बफर २०, म्हणजे नवा डेटा १०० मध्ये पोचतो. होल्ड ३० असेल तर आधी ७० शिल्लक होते, आता फक्त १०. शिवाय त्याच्या पुढच्या टप्प्याचे ६० गेले, तोही रिपोर्ट काढ. सेटअप चुकला तर क्लॉक हळू करून चिप चालते. होल्ड चुकला तर फ्रिक्वेन्सी कितीही उतरव, फरक पडत नाही. म्हणून हा स्लॅक फास्ट कॉर्नरलाही तपास.