गुण कमी आले म्हणजे लबाडी नव्हे

सोलापुरात मानसशास्त्रज्ञ म्हणून तुझ्याकडे स्मरणशक्ती तपासायला अपघाताच्या भरपाईच्या दाव्यातली माणसं येणारच. माझ्याकडे मागे एक यंत्रमाग कामगार आला होता. दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेला, बेशुद्ध पडला नव्हता, पण ‘काहीच लक्षात राहत नाही’ म्हणायचा. मी त्याला 50 चित्रं दाखवली, मग दोन-दोन चित्रांतून आधी पाहिलेलं ओळखायला सांगितलं. डोळे मिटून बोट ठेवलं तरी 25च्या आसपास बरोबर येतात. त्याचे 16 आले.

इथे नीट विचार कर. नुसत्या अंदाजाने 16 किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. म्हणजे बरोबर चित्र बहुधा ओळखीचं होतं आणि ते टाळलं गेलं. पण समज, 36 आले असते, तर? ही चाचणी इतकी सोपी असते की डोक्याला मार लागलेलेही बहुतेक चित्रं ओळखतात. 36 त्या अपेक्षेपेक्षा कमी आहेत, म्हणून बाकीच्या चाचण्यांचे गुणही भरवशाचे नाहीत. मात्र हेतू त्यातून कळत नाही. झोप, वेदना, नैराश्य, सूचना न समजणं, काहीही असेल. पुढारलेला स्मृतिभ्रंश किंवा मतिमंदत्व असलेला माणूस प्रामाणिकपणेही नापास होतो. आपल्याकडे घरी तेलुगू बोलणारे बरेच, त्यामुळे सूचना कुठल्या भाषेत दिल्या हे आधी तपास.

एका चाचणीवर कधीच थांबू नकोस. निदान दोन वेगळ्या चाचण्या घे, रोजचं वागणंही ताडून पाहा. हा गडी मला रिक्षा कुठे बदलली ते क्रमाने सांगत होता! तरी अहवालात मी ‘ढोंगी’ लिहिलं नाही. ‘या गुणांवरून स्मरणशक्तीचा अंदाज बांधता येत नाही, चुका योगायोगाच्या पलीकडच्या आहेत’ एवढंच लिहिलं. खरी दुखापत आणि वाढवून सांगणं एकाच माणसात असू शकतं.